चितार आळीतून रत्नागिरीला, स्टॉल ३४

मंगळवार, ६ जानेवारी

शुक्रवार ९ ते रविवार ११ जानेवारी आम्ही रत्नागिरीच्या हस्तकला प्रदर्शनात आहोत. मारुती मंदिर परिसरात, सकाळी १० ते रात्री ९. स्टॉल ३४, शिरल्यावर डाव्या हाताची दुसरी रांग.

सावंतवाडीच्या चितार आळीतलं आमचं हे घरचं काम. सासरे लाकूड कातायचे, आता आमचे हे कातात. रंगकाम माझं आणि सासूबाईंचं. यंदा हापूस, काजूचं बोंड, फणस, सीताफळ, केळ्यांचा घड अशी रंगवलेली फळं आहेत. लाखेचे भोवरे, खुळखुळे, भातुकली आहे. आणि दशावतारी गंजिफ्याचा, म्हणजे खेळायच्या रंगवलेल्या पत्त्यांचा, एकच पूर्ण संच आहे. १० अवतार, प्रत्येकाची १२ पानं, असा १२० पानांचा. तो रंगवायला आत्याबाईंना पाच महिने लागले. तो विकायचा नाही, पण हातात घेऊन बघायला जरूर या.

एक फळ १८० पासून, भातुकलीचा संच ९५० ला. भाव तिन्ही दिवस तेच राहतील. सुट्टे आणलेत तर उपकार होतील, मैदानात रेंज जाते असं ऐकलंय.

शुक्रवार, ९ जानेवारी, दुपारी

स्टॉल लागला! रात्रभर टेम्पोत हादरे बसूनही एकाच फणसाचा देठ निखळला, तो इथेच चिकटवला. या, आम्ही बसलोय.

शनिवार, १० जानेवारी, रात्री

सकाळपासून दहा वेळा तरी कोणीतरी विचारलं, "हे प्लास्टिकचंय का हो?" शेवटी यांनी लहान लेथ सुरू केला. फिरत्या भोवऱ्याला लाखेची कांडी टेकवली, घासल्याच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडावर बसली, लाल, मग पिवळी पट्टी. ब्रश कुठेच नाही. वर केवड्याचं पान दाबून धरलं आणि मंद रंग एकदम चकाकला. समोर शाळेची पंधरा-वीस पोरं उभी होती, एकही बोलेना. मग एका मुलीनं विचारलं, "काकी, मी पान धरू?" धरलं तिनं. तो भोवरा तिलाच दिला.

हापूस संपले. उद्या आणायला घरी माल नाही, तेव्हा फक्त हापूससाठी यायचं असेल तर येऊ नका, नाव लिहून ठेवा.

एक गोष्ट स्टॉलवर प्रत्येकाला सांगतेय, इथेही सांगते. रंगवलेली फळं शोभेची आहेत, त्यांच्यावर ऑइलपेंट असतो. तोंडात घालणाऱ्या बाळाला ती देऊ नका. विक्री थोडी कमी झाली तरी चालेल, पण हे न सांगता फळ हातात ठेवणं मला जमत नाही.

मंगळवार, १३ जानेवारी

काल रात्री घरी पोचलो. ३४ नंबरवर आलात, थांबलात, विचारलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. ४१ जणांनी हापूससाठी नावं दिली आहेत. एका आजोबांनी गंजिफा बघून सांगितलं, त्यांच्या लहानपणी घरी खेळायचे, डाव आठवत नाही पण पानं वाटायची पद्धत हाताला आठवते. त्यांनी ती वाटून दाखवली. आत्याबाईंना व्हिडिओ दाखवला तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

आता जे सांगायलाच हवं ते. रविवारी एक ताई काजूचं बोंड परत घेऊन आल्या. देठाजवळून उभी चीर गेली होती. दोष त्यांचा नाही, आमचा. पांगारा हलका, कातायला मऊ म्हणून आम्ही वापरतो, पण पावसाळ्यानंतर नीट सुकायला वेळ द्यावा लागतो. ऑर्डरच्या घाईत डिसेंबरमध्ये एक लॉट लवकर कातला. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "घाई केलंस तर लाकूड फुटतला." मी ऐकलं नाही.

त्या लॉटची २३ बोंडं गेली आहेत. खाली पेन्सिलनं "डि" लिहिलेलं असेल तर ती त्यातली. चीर पडो न पडो, फोटो पाठवा, बदली बोंड पोस्टानं येईल, खर्च आमचा. पैसे परत हवे असतील तर तेही देऊ.

आणि हापूसवाल्यांना: लाकूड या आठवड्यात चिरून सावलीत रचतोय. ते सुकल्यावरच कातणार, म्हणून एप्रिलच्या आधी आंबा मिळणार नाही. थांबायचं नसेल तर नाव काढायला सांगा, मुळीच राग नाही. आगाऊ पैसे कोणाकडूनही घेतलेले नाहीत, घेणारही नाही. ज्यांची नावं राहतील त्यांना रंग लागायच्या आधीचा, कोऱ्या लाकडाचा फोटो पाठवीन.