तुमच्या परिच्छेदातल्या दुरुस्त्या, कारणांसह

तुम्ही लिहिले होते:

«काल मी एक जुनी पुस्तक वाचली. माझी बहीणने मला ती दिली होती. दुपारी तिने म्हणाली कि आपण दोघी मिळून पुढचा भाग वाचू. मी तिला खिडकीजवळ पाहिली आणी हसली. पुस्तकातले काही शब्द मी विसरली, पण मला मजा आली.»

दुरुस्त केल्यावर:

«काल मी एक जुने पुस्तक वाचले. माझ्या बहिणीने मला ते दिले होते. दुपारी ती म्हणाली की आपण दोघी मिळून पुढचा भाग वाचू. मी तिला खिडकीजवळ पाहिले आणि हसले. पुस्तकातले काही शब्द मी विसरले, पण मला मजा आली.»

लाल खुणा बऱ्याच दिसतील, पण चुका तेवढ्या नाहीत. ‘जुनी’, ‘वाचली’, ‘ती’, ‘दिली’ या चारही ठिकाणी चूक एकच आहे: हिंदीत ‘पुस्तक’ स्त्रीलिंगी आहे, मराठीत नपुंसकलिंगी. तुमचा मेळ अगदी चोख होता, फक्त मुळातले लिंग हिंदीचे होते. म्हणून शब्द पाठ करताना ‘ते पुस्तक’, ‘ती वही’, ‘तो कागद’ असे जोडीनेच पाठ करा.

‘माझी बहीणने’ मध्ये दोन गोष्टी घडायला हव्या होत्या. नामाला ‘ने’, ‘ला’, ‘त’ असे काही जोडायचे झाले की आधी नामाचे रूप बदलते, याला सामान्यरूप म्हणतात. बहीण, पण बहिणीने. ‘ही’ चा ‘हि’ झाला तोही याच भानगडीत: फूल–फुलाला, दूध–दुधात, तसेच बहीण–बहिणीने. आणि नाम बदलले की त्याच्या आधीचे ‘माझी’ सुद्धा ‘माझ्या’ होते.

आता ‘तिने म्हणाली’. इथे तुम्ही दोन बरोबर वाक्यांची मोडतोड करून एक केले आहे. ‘ती म्हणाली’ चालते आणि ‘तिने म्हटले’ही चालते. क्रियापद एकच, म्हणणे, पण ‘म्हणाली’ हे रूप बोलणाऱ्या व्यक्तीप्रमाणे चालते आणि त्याला ‘ने’ लागत नाही, ‘म्हटले’ ला लागतो. हिंदीतले ‘उसने’ डोक्यात असले की हे हमखास होते.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असे वाक्य चौथे. ‘पाहिले’ आणि ‘हसले’ दोन्हीकडे शेवटी ‘ले’ आहे, पण कारणे वेगळी. पाहणे हे सकर्मक क्रियापद. भूतकाळात ते कर्माकडे बघते, पण कर्माला ‘ला’ लागला (तिला) की ते कुणाकडेच बघत नाही, नपुंसकलिंगी एकवचनात थांबते: मी तिला पाहिले, मी त्याला पाहिले, मी त्यांना पाहिले. बोलण्यात ‘तिला पाहिली’ ऐकू येईल, लिहिताना टाळा. हसणे मात्र अकर्मक, ते तुमच्याकडे बघते. तुम्ही स्त्री, म्हणून ‘मी हसले’. पुरुष असता तर ‘मी हसलो’. हिंदीतल्या ‘मैं हँसी’ सारखी ‘ई’ प्रमाण मराठीत ‘मी’ बरोबर येत नाही, ती ‘ती हसली’ साठी राखीव आहे.

शंका आली की वाक्य पुरुषाच्या तोंडी घालून बघा. तोही ‘मी पुस्तक वाचले’ च म्हणेल, म्हणजे तिथला ‘ले’ पुस्तकाचा. ‘हसले’ चे ‘हसलो’ झाले, म्हणजे तो ‘ले’ तुमचा. (पुस्तक काढून नुसते ‘मी वाचले’ लिहिलेत तर ‘माझा जीव वाचला’ असाही अर्थ निघतो. जपून!)

‘विसरले’ ला हीच कसोटी लावा: पुरुष ‘मी शब्द विसरलो’ म्हणतो. कर्म समोर असूनही क्रियापद कर्त्याकडेच बघते. विसरणे, शिकणे, बोलणे ही त्या अपवादांतली. इथे तर्क चालवू नका, यादीच करा.

‘कि’ आणि ‘आणी’ किरकोळ आहेत. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, म्हणून ‘की’. ‘आणि’ हा त्याला अपवाद.

‘आपण दोघी’ ला मी हात लावला नाही. ऐकणारा धरून ‘आपण’, वगळून ‘आम्ही’. ते बहिणीचे तुमच्याशी बोलणे आहे, म्हणून ‘आपण’ च हवे. तेच मला सांगताना ‘आम्ही दोघींनी पुढचा भाग वाचला’ म्हणाल.

आणि ‘मजा आली’! हिंदीत ‘मज़ा आया’ म्हणतात, तरी तुम्ही इथे अडखळला नाहीत. हे कुठून उचललेत?