बिडाचा घावन तवा: लिस्टिंगसाठी ३० सेकंदांचा व्हिडिओ

फोन उभा धर. सकाळी ओट्यावर खिडकीचा उजेड येतो तेव्हाच शूट करू. आवाज माझा, नंतर वेगळा रेकॉर्ड करू. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून प्रत्येक आकडा पडद्यावर मोठ्या अक्षरांत हवा. माझा रोजचा तवा घेऊ नकोस, तो वर्षानुवर्षं वापरून काळाकुळकुळीत झालाय. गिऱ्हाइकाला जाणारा तवा करडट काळा असतो, तोच दिसला पाहिजे. खोक्यातला एक नवा काढ.

० ते ४ सेकंद
अगदी जवळून: तापल्या तव्यावर पातळ पीठ पडतं, चर्र आवाज होतो, जाळी उमटते. हा चर्र आवाज तसाच ठेव, माझं बोलणं त्याच्यानंतर सुरू होईल.
आवाज: "हा बिडाचा तवा. घावन, डोसा, आंबोळीसाठी."
पडद्यावर: बिडाचा घावन तवा

४ ते ९ सेकंद
वरून सरळ. तव्यावर शिंप्याची टेप आडवी, आकडे वाचता येतील अशी. मग टेप काढून माझा पंजा तव्यावर ठेवते. मागच्या महिन्यात दोन तवे "फोटोत मोठा वाटला" म्हणून परत आले आणि चूक आपलीच होती, फोटोत शेजारी मापाला काहीच नव्हतं. पंजा दिसला की अंदाज लगेच येतो. शेवटी दांडीसकट पूर्ण लांबी.
आवाज: "रुंदी सव्वीस सेंटिमीटर, दांडीसकट एक्केचाळीस."
पडद्यावर: व्यास २६ सेमी (साधारण १० इंच) / दांडीसकट ४१ सेमी / जाडी ४ मिमी

९ ते १३ सेकंद
तवा डिजिटल काट्यावर. आकडा स्थिर होईपर्यंत कापू नकोस.
आवाज: "वजन एक किलो नऊशे. जड आहे, म्हणून धग धरून ठेवतो."
पडद्यावर: वजन १.९ किलो

१३ ते १७ सेकंद
तवा उलटा. सपाट तळाला फ्रिजवरचं चुंबक टक्कन चिकटतं. लगेच इंडक्शनवर ठेवलेला तवा.
आवाज: "सगळा बिडाचा, वर फक्त तेलाचा थर. गॅस, इंडक्शन, चूल, सगळीकडे चालतो."
पडद्यावर: नॉनस्टिक लेप नाही / मायक्रोवेव्हमध्ये नको

१७ ते २४ सेकंद
सगळ्यात जास्त वेळ इथेच दे. "चिकटतो का" हा प्रश्न रोज येतो. गरम पाणी, कोरडं फडकं, मंद आच, हे तीन तुकडे पटापट. मग अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवायचा आणि तव्यावर गोल फिरवायचा. शेवटी घावनाची कड आपोआप उचलते, तिथे कॅमेरा थेट कडेपाशी ने. पहिलं घावन चिकटलं तर तेही शूट कर, टाकू नकोस.
आवाज: "आधी गरम पाण्याने धुवा, पुसून तापवा, तेल लावा. पहिलं घावन चिकटलं तर कांद्याने तेल फिरवा, मग सुटायला लागतं."
पडद्यावर: पहिल्यांदा: धुवा, पुसा, तापवा, तेल लावा

२४ ते ३० सेकंद
दुमडलेल्या फडक्याने दांडी धरलेला हात, मग पुसलेला तवा कपाटात जातो. दांडीचं बोलणं कापायचं नाही. ती बिडाचीच आहे, तापतेच, आणि ज्याच्या घरी लहान मूल आहे त्याला हे आधी कळायला हवं.
आवाज: "दांडी तापते, फडक्याने धरा. चिंच-टोमॅटो शिजवू नका. ओला ठेवू नका, गंजेल."
पडद्यावर: गंज आला तर काथ्याने घासून, धुऊन, तेल लावून तापवा / तापलेल्या तव्यावर थंड पाणी ओतू नका / पाडू नका, बीड तडकतं
या ओळी एकाखाली एक येऊ देत आणि शेवटच्या चौकटीत दोन सेकंद तशाच राहू देत, म्हणजे थांबवून वाचता येतील. किंमत व्हिडिओत घालू नकोस. ती बदलली की पुन्हा शूट करावं लागेल.

बोलणं मी घड्याळ लावून दोनदा वाचून बघते. लांबलं तर "घावन, डोसा, आंबोळीसाठी" हे शब्द गाळू, ते चित्रात दिसतंच. वजन आणि दांडी मात्र राहिलीच पाहिजेत.