कागद आम्ही पाहतो, गावाला दाखवत नाही: वधू-वर सूचक केंद्राच्या पोस्ट

पोस्ट १ : "स्थळ खात्रीचं आहे ना?"

तुळशीचं लग्न झालं की बेळगावातल्या आमच्या शहापूरच्या कार्यालयात जिन्यापर्यंत पाहुणे बसलेले असतात आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच. "शंभर टक्के खात्रीचं" असं आम्ही एकाही बायोडाटावर लिहीत नाही. जे लिहितात, त्यांना लांबूनच नमस्कार करा.

आमच्याकडे प्रत्येक माहितीपुढे एक शेरा असतो. 'कागद पाहिला' म्हणजे मूळ कागद टेबलावर आला, आम्ही वाचला आणि तिथेच परत दिला. 'विचारून घेतलं' म्हणजे कुटुंबाने ज्यांचं नाव दिलं, त्यांच्याशी आम्ही बोललो. 'कुटुंबाने सांगितलं' म्हणजे फक्त तेवढंच. निर्व्यसनी, मनमिळाऊ, घरंदाज ही विशेषणं कायम या तिसऱ्या शेऱ्यात जातात, कारण स्वभावाचा दाखला कुठलीही कचेरी देत नाही.

ओळखीसाठी आधार लागतं, पण पहिले आठ आकडे झाकलेलं चालतं. त्यावरचा क्यूआर कोड तुमच्यासमोरच स्कॅन करतो. झेरॉक्स ठेवत नाही. मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण नसेल तर नोंदणी नाही, "आत्ता नुसती सुपारी फोडून ठेवतो" म्हणालात तरी नाही.

पोस्ट २ : दाखल्यावर एक, रेशन कार्डावर एक

आपल्या भागात हे घरोघरी आहे. शाळेचा दाखला मराठी, रेशन कार्ड कन्नड, आधार इंग्रजीत. एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं. १ नोव्हेंबर २०१४ पूर्वीच्या कागदावर गाव बेळगाव, नंतरच्या कागदावर बेळगावी. यात लबाडी काही नाही, आणि कुणी त्यावरून स्थळ मोडू नये. वडिलांचं नाव, गाव आणि जन्मसाल जुळलं की आम्हाला पुरतं. कन्नड कागद आमच्याकडे वाचता येतात, भाषांतर करून आणायचा खर्च नको.

जन्मतारखेवर मात्र आम्ही थांबतो. १ जून ही तारीख किती जणांची आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. गुरुजींनी शाळेत घालताना लिहिली आणि तीच राहिली. पत्रिका खऱ्या तारखेवर केलेली असेल तर तसं सांगा. आम्ही दोन्ही तारखा फाईलमध्ये घेतो, पण बाहेर फक्त जन्मसाल जातं. पूर्ण तारीख पत्रिका जुळवायची वेळ आल्यावर, तुमच्या परवानगीने.

पोस्ट ३ : स्थळ बाहेर कसं दिसतं (हा नमुना आहे, कुणाचंही स्थळ नाही)

मुलगा, जन्मसाल १९९६ (कागद पाहिला). डिप्लोमा मेकॅनिकल (कागद पाहिला). उद्यमबागेत फाउंड्रीत नोकरी (विचारून घेतलं). मूळ खानापूर तालुका, राहणार बेळगाव शहर. एक बहीण, लग्न झालेलं (कुटुंबाने सांगितलं). शेती एकत्र कुटुंबाची (कागद पाहिला). अपेक्षा: शिकलेली, नोकरी करणारी चालेल.

बस्स, एवढंच. आडनाव नाही, गावाचं नाव नाही, कारखान्याचं नाव नाही, पगार नाही. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीचं नाव लिहिलं की घर ओळखायला दोन मिनिटं लागत नाहीत.

नोकरीसाठी नेमणूकपत्र किंवा पगाराची स्लिप आम्ही पाहतो, खातेक्रमांक बोटाने झाकून दाखवलात तरी चालेल. मुलगा गोव्यात किंवा पुण्यात असला तरी त्याला न विचारता साहेबांना फोन करत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या बेळगावातच, त्यामुळे फौजी स्थळं भरपूर येतात. त्यांचं ओळखपत्र पाहून लगेच परत देतो. युनिट आणि पोस्टिंग लिहीत नाही, विचारतही नाही.

पोस्ट ४ : "जमीन किती?"

या प्रश्नावर सगळ्यात जास्त फसगत होते, आणि ती बऱ्याचदा खोट्या कागदामुळे होत नाही. उतारा खरा असतो. पण पाच एकरांच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव असतं, खाली तीन चुलते, दोन आत्या, आणि वाटणी अजून व्हायची असते. बायोडाटात मात्र "बागायत ५ एकर". मग लग्नानंतर समजतं की मुलाच्या वाट्याला ऊस लावायला एक पट्टी येणार.

म्हणून आम्ही उतारा वाचतो. इकडची पहाणी असो, चंदगड-गडहिंग्लजकडचा सातबारा असो. नाव कोणाचं, हिस्सेदार किती, बोजा आहे का, एवढं पाहून बायोडाटात एकच ओळ लिहितो: 'स्वतःच्या नावावर', 'वडिलांच्या नावावर' किंवा 'एकत्र कुटुंबाची'. एकर लिहायचे की नाही हे कुटुंब ठरवतं. सर्व्हे नंबर तर अजिबात देत नाही, कारण पहाणी आणि सातबारा दोन्ही ऑनलाइन निघतात. नंबर हातात पडला की कुणीही मोबाइलवर तुमच्या भाऊबंदकीची यादी वाचत बसेल.

बँकेचा बोजा म्हणजे घर बुडालं असं नाही, हेही मुलीकडच्यांना आम्ही सांगतो. पीककर्ज कोणावर नाही?

आणि हो, "देण्याघेण्याचं काय" हा रकाना आमच्या अर्जात नाही. हुंडा १९६१ पासून कायद्याने गुन्हा आहे. मागितला तर नोंदणी रद्द, फी परत नाही.

पोस्ट ५ : गल्लीतली चौकशी

एका काकूंनी तक्रार केली, "तुम्ही मुलीच्या गल्लीत जाऊन विचारत का नाही? पूर्वीचे मध्यस्थ जायचे." जायचे, खरं आहे. किराणा दुकानात उभं राहून विचारायचे आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळायचं की अमक्याच्या मुलीला बघायला लागलेत. स्थळ जुळलं नाही की त्याच गल्लीत "काहीतरी असेल" सुरू. मुलाचं काही बिघडत नाही, मुलीला ते वर्षभर ऐकावं लागतं.

आम्ही कुटुंबाकडून दोन नावं मागतो, त्यातलं एक नात्याबाहेरचं हवं. कधी बोलणार ते आधी कळवतो. काय विचारलं तेही कुटुंबाला सांगतो. हाच नियम मुलालाही, फक्त तिथे काकू तक्रार करत नाहीत.

आजारपणाचे रिपोर्ट आमच्या टेबलावर आणू नका. बोलणी पुढे गेल्यावर दोन्ही घरांनी आपसात, हवं तर डॉक्टरांसमोर बोलावं.

पोस्ट ६ : दुसऱ्या लग्नाची स्थळं

घटस्फोट झाला असेल तर कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते. त्यातलं पहिलं पान आणि शेवटचा आदेश एवढंच वाचतो, आणि एकतर्फी निकाल असेल तर अपिलाची मुदत संपली का ते विचारतो. मधली पानं उघडत नाही. कुणी कुणावर काय आरोप केले हे आम्हाला जाणून घ्यायचं नाही, आणि समोरच्या घरालाही आमच्याकडून ते कळणार नाही. "गावच्या पंचांसमोर मिटलंय" हे मात्र चालत नाही. कोर्टाचा कागद नसेल तर थांबा.

जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला पाहतो. कसा वारला, हा प्रश्न विचारत नाही. मुलं असतील तर संख्या आणि ती कुणाकडे राहतात एवढं बायोडाटात येतं. मुलांची नावं, शाळा, फोटो येत नाहीत.

पोस्ट ७ : फोटो आणि फाईल

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकत नाही. कितीही जणांनी मागितले तरी नाही. दोन्ही घरांनी बायोडाटा वाचून होकार दिला की फोटो जातो, आणि ज्या घराला पाठवला त्यांचा नोंदणी क्रमांक फोटोवर आडवा छापलेला असतो. पुढे तो कुठे फिरला तर कुणाकडून गेला ते कळतं.

लग्न ठरलं किंवा मन बदललं की एक निरोप द्या. दिलेली संमती परत घेण्याचा हक्क २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही मान्य केलेला आहे. आम्ही कारण विचारत नाही. आठवड्याच्या आत मोबाइल आणि कॉम्प्युटरवरची माहिती पुसतो, कागदी फाईल हातात देतो. न्यायला कुणी आलं नाही तर फाडून टाकतो.

कार्यालय सकाळी ११ ते संध्याकाळी ६, मंगळवारी बंद. मूळ कागद घेऊन आई-वडिलांनी यावं, आणि ज्याचं लग्न आहे त्यानं किंवा तिनंही. त्यांच्या सहीशिवाय अर्ज घेत नाही.