इयत्ता आठवी, विज्ञान : रक्ताभिसरण संस्था व हृदयाच्या झडपा (घटक चाचणी, गुण ३०, वेळ दीड तास)

जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळा, तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ

विद्यार्थ्यांसाठी सूचना : सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक आहे. जिथे रक्ताचा मार्ग विचारला आहे, तिथे केवळ ‘हृदयातून फुप्फुसात’ असे मोघम लिहू नये. प्रत्येक वाहिनीचे, कप्प्याचे आणि झडपेचे नाव क्रमाने आले पाहिजे. आकृती काढताना हे ध्यानात ठेवावे की, हृदयाचे चित्र समोरच्या माणसाच्या शरीराचे असते, म्हणून हृदयाची उजवी बाजू कागदावर आपल्या डाव्या हाताला येते. दरवर्षी सर्वांत जास्त गुण येथेच जातात.

प्रश्न १. (५ गुण) पायाच्या अंगठ्यातील केशवाहिन्यांमध्ये ऑक्सिजन देऊन झालेला रक्ताचा एक थेंब पुन्हा त्याच अंगठ्यापर्यंत पोहोचतो. त्याचा संपूर्ण प्रवास क्रमाने लिहा. प्रत्येक टप्प्यावर त्या थेंबात ऑक्सिजनचे प्रमाण जास्त आहे की कमी, हेही नोंदवा. या प्रवासात एक धमनी अशी लागते जिच्यात ऑक्सिजन कमी असलेले रक्त असते, आणि काही शिरा अशा लागतात ज्यांच्यात ऑक्सिजन जास्त असलेले रक्त असते. त्या ओळखून अधोरेखित करा आणि यावरून धमनी व शिरा यांची योग्य व्याख्या तुमच्या शब्दांत मांडा.

प्रश्न २. (४ गुण) फवारणी करताना उजव्या मांडीला काटेरी तार लागून जखम झालेल्या एका शेतकऱ्याला ग्रामीण रुग्णालयात डाव्या हाताच्या कोपराजवळील शिरेतून औषध देण्यात आले. त्यांच्या मुलाचे म्हणणे असे की, सुई डाव्या हाताला टोचली असल्याने औषध आधी हृदयाच्या डाव्या बाजूस जाईल आणि तिथून सरळ मांडीकडे उतरेल. हे म्हणणे कुठे चुकते ते स्पष्ट करा. औषध मांडीपर्यंत पोहोचण्याआधी हृदयातून किती वेळा जाते, आणि फुप्फुसांना वळसा घालून जाण्याची दुसरी वाट त्याला का मिळत नाही, तेही लिहा.

प्रश्न ३. (५ गुण) हृदयातील चार झडपांची नावे व स्थाने लिहा. त्यानंतर दोन स्थितींचा विचार करा : निलये आकुंचन पावत आहेत, आणि निलये शिथिल होऊन भरत आहेत. प्रत्येक स्थितीत कोणत्या झडपा उघड्या व कोणत्या बंद असतात? अलिंद आणि निलय यांच्यामधील झडपांची पाने निलयाच्या भिंतीला बारीक, चिवट दोऱ्यांनी बांधलेली असतात. या दोऱ्या नसत्या, तर निलयाचे जोरदार आकुंचन होताना त्या पानांचे काय झाले असते?

प्रश्न ४. (३ गुण) छातीला कान लावल्यावर ‘लब-डब’ असा आवाज येतो. यातील ‘लब’ कोणत्या झडपा मिटल्यामुळे येतो आणि ‘डब’ कोणत्या? या दोन आवाजांच्या मधल्या काळात निलयांत काय चाललेले असते?

प्रश्न ५. (४ गुण) विहिरीवर मोटार बसवताना पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह लावतात, हे तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. हृदयाच्या झडपेशी त्याचे साम्य असलेल्या दोन आणि भेद असलेल्या दोन बाबी सांगा. फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून तो पूर्ण मिटेनासा झाला की पाइपातले पाणी परत विहिरीत उतरते. द्विदल झडप अशी नीट मिटली नाही, तर निलयाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर रक्त कुठे परत जाईल?

प्रश्न ६. (४ गुण) विशिष्ट जिवाणूंमुळे होणाऱ्या घशाच्या संसर्गावर वेळेत उपचार न झाल्यास काही मुलांना संधिवाताचा ताप येतो, आणि त्यातून पुढे काही वर्षांनी द्विदल झडपेचे तोंड अरुंद होऊ शकते. अशा रुग्णाला जिना चढताना किंवा हंडा उचलताना धाप लागते. पहिल्या प्रश्नात लिहिलेल्या मार्गावरून मागे मागे जात, अडलेले रक्त कोणकोणत्या ठिकाणी तुंबते ते क्रमाने दाखवा आणि हृदयाच्या आजारात त्रास श्वासाला का होतो याचे कारण द्या.

प्रश्न ७. (३ गुण) विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध करून रक्त शरीरात फिरून परत हृदयाकडे येते हे दाखवले. हाताच्या फुगलेल्या शिरेतील रक्त बोटाने हृदयाच्या दिशेने सरकवता येते, परंतु उलट दिशेने झडपेपलीकडे ढकलता येत नाही, हा त्याचा एक पुरावा होता. (हाताला दोरी बांधून हा प्रयोग घरी करू नये.) दिवसभर उभे राहून कापूस वेचणाऱ्या बाईच्या पायांतील रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढवण्यास या झडपा आणि पोटऱ्यांचे स्नायू मिळून कशी मदत करतात, ते लिहा.

प्रश्न ८. (२ गुण) विश्रांतीच्या स्थितीत हृदयाचे ठोके मिनिटाला ७२ आणि प्रत्येक ठोक्याला डाव्या निलयातून बाहेर पडणारे रक्त ७५ मिलिलीटर धरल्यास एका मिनिटात किती लीटर रक्त महाधमनीत जाते? उजव्या निलयातून त्याच मिनिटात साधारण तेवढेच रक्त बाहेर पडले नाही, तर काय अडचण येईल?

उत्तरे तपासणाऱ्या शिक्षकांसाठी

पहिल्या उत्तराचा क्रम असा अपेक्षित आहे : पायातील शिरा, अधो महाशिरा, उजवे अलिंद, त्रिदल झडप, उजवे निलय, फुप्फुस धमनीच्या तोंडाची अर्धचंद्राकृती झडप, फुप्फुस धमनी, फुप्फुसांतील केशवाहिन्या, फुप्फुस शिरा, डावे अलिंद, द्विदल झडप, डावे निलय, महाधमनीच्या तोंडाची अर्धचंद्राकृती झडप, महाधमनी, पायाकडे जाणाऱ्या धमन्या आणि अंगठ्यातील केशवाहिन्या. ‘धमनी म्हणजे शुद्ध रक्त नेणारी’ या व्याख्येस गुण देऊ नयेत. धमनी हृदयापासून रक्त दूर नेते आणि शिरा हृदयाकडे आणते, हाच निकष ग्राह्य धरावा.

दुसऱ्या उत्तरात ऊर्ध्व महाशिरेचा उल्लेख हवा, कारण शरीराच्या दोन्ही बाजूंच्या शिरा अखेर उजव्या अलिंदातच येतात. औषध हृदयातून दोनदा जाते : आधी उजव्या बाजूने आणि फुप्फुसांतून परतल्यावर डाव्या बाजूने. हृदयाच्या दोन्ही बाजूंमध्ये अखंड पडदा असल्यामुळे फुप्फुसांखेरीज डावीकडे जाण्यास वाट नाही.

पाचव्या उत्तरात झडप स्वतःच्या बळाने हलत नाही, दोन्ही बाजूंच्या दाबातील फरकाने उघडते व मिटते, हे साम्य आलेच पाहिजे. भेदांत, विहिरीचे पाणी शेतात मुरते व तेच फिरून पाइपात येत नाही, तर तेच रक्त सतत फिरत राहते, हा मुद्दा आला तर पूर्ण गुण द्यावेत. गळक्या द्विदल झडपेतून रक्त डाव्या अलिंदात परत जाते.

सहाव्या प्रश्नात डावे अलिंद, फुप्फुस शिरा, फुप्फुसांतील केशवाहिन्या असा उलटा क्रम अपेक्षित आहे. केशवाहिन्यांतील दाब वाढून द्रव फुप्फुसांच्या ऊतींत झिरपतो, म्हणून श्वास लागतो. आठव्या प्रश्नाचे उत्तर ५.४ लीटर असून, दोन्ही निलयांचा मेळ बिघडल्यास रक्त फुप्फुसांत किंवा उर्वरित शरीरात साचू लागते, एवढे कारण पुरे.