सर, रेडिएशनसाठी सहा आठवडे दिवसाचा वेळ आणि ड्युटी बदलून मिळण्याबाबत

सर नमस्कार,

मी सुनील, पाऊच पॅकिंग, मशीन नंबर २, नाइट शिफ्ट. परवा गेटवर तुम्ही विचारलंत तब्येत कशी आहे म्हणून, तेव्हा गडबडीत नीट बोलता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर ऑपरेशननंतर तोंड अजून पूर्ण उघडत नाही त्यामुळे जास्त बोललं की गाल ओढतो. म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय. थोडं लांबलंय पण पूर्ण वाचा, कारण नुसती सुट्टी मागत नाहीये, लाइन कशी चालेल तेही त्यात लिहिलंय.

४ डिसेंबरला डाव्या गालाच्या आतली गाठ काढली, मानेतल्या गाठीपण काढल्या ते तुम्हाला माहितीच आहे. रिपोर्ट आल्यावर डॉक्टर म्हणाले की आता रेडिएशन घ्यावंच लागेल आणि ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत चालू झालं पाहिजे. ३० वेळा घ्यायचंय. सोमवार ते शुक्रवार रोज एक, शनिवार रविवार बंद. १२ जानेवारीला सोमवारी पहिलं, मधे २६ जानेवारी आणि १९ फेब्रुवारीला तिथलं मशीन बंद असतं, म्हणजे शेवटचं २४ फेब्रुवारीला मंगळवारी. वेळ मिळालीय सकाळी सव्वाअकराची, मिरजेला. संध्याकाळची वेळ मागितली होती, तर म्हणाले आधीच यादी भरलीय, कुणाचं संपलं की बघू.

आत मशीनखाली दहा-पंधरा मिनिटंच लागतात. पण तासगावातून निघून दोन एसट्या, सांगलीला बदलायचं, तिथं नंबर लावायचा, चेहऱ्याचा जाळीचा मास्क केलाय तो घालून टेबलावर हलायचं नाही, मग परत. म्हणजे रोज साडेनऊला घर सोडायचं आणि दीडच्या पुढं घरी. मंगळवारी डॉक्टर तपासतात आणि रक्त घेतात, त्या दिवशी तीन वाजणार.

आता नाइटवाल्याला दिवसा कशाला सुट्टी लागते असं ऑफिसात कुणीतरी म्हणेल म्हणून सांगतो. आमची ड्युटी रात्री १० ते ६, पण मशीन धुवून, चार्ज देऊन, बस सुटून घरी पोचेपर्यंत साडेसात होतात. साडेनऊला परत निघायचं म्हणजे दोन तास झोप. दुपारी आल्यावर झोपलो तरी सलग लागत नाही, आणि आठ-साडेआठला परत डबा घेऊन बसची वाट बघायची. एक-दोन दिवस माणूस काढतो, सहा आठवडे नाही काढू शकत. आणि डॉक्टरांनी एक गोष्ट तीनदा बजावून सांगितली सर, की मधे गॅप पडू द्यायचा नाही, दिवस चुकले की उपचाराचा गुण कमी होतो. झोप लागून गेली नि एसटी चुकली असं एकदाही व्हायला नको. बाकी सगळ्यावर ॲडजस्ट करीन, पण ते तीस दिवस मला चुकवायचे नाहीत.

पूर्ण रजाच का घेत नाही, तर दोन कारणं. ऑपरेशनच्या वेळी ईएसआयसीच्या दाखल्यावर होतो, त्यात पगाराच्या ७० टक्के मिळतात आणि वर्षाला ९१ दिवसांपर्यंतच, ते दिवस मला शेवटच्या आठवड्यांसाठी राखून ठेवायचेत कारण त्रास तेव्हाच जास्त होणार. मुलगी बारावीला आहे, हप्ते आहेत, तीस टक्के तुटले तरी घरात कळतं. दुसरं कारण म्हणजे थंडीत दूध वाढतं, तीनही मशीन फुल चालू आहेत, आणि २ नंबरचा जॉ मधेच तापमान सोडतो, सील लीक व्हायला लागतं, ते माझ्याशिवाय अजून कुणाला पटकन कळत नाही. तसं टाकून जाणं मनाला पटत नाही.

तर माझं म्हणणं असं आहे.

पहिले दोन आठवडे, १२ ते २३ जानेवारी, मला रात्री ८ ते पहाटे ४ करा. तास आठच राहतात, एक मिनिट कमी होत नाही. दोन तास आधी आलो तर फिल्मचे रोल चढवणं, तारखेचं कोडिंग लावणं, पहिल्या पाऊचचं वजन बघणं हे सगळं दहाच्या आत उरकतं आणि दहाला पॅकिंग लगेच धरता येतं, सध्या त्यातच अर्धा पाऊण तास जातो. शेवटची गाडी साडेतीन पावणेचारला भरते, त्यानंतर २ नंबरवर फक्त धुणं आणि थोडं लोकलचं पॅकिंग उरतं. त्यासाठी ए शिफ्टचा दादा सहाऐवजी चारला यायला तयार आहे, चार ते बारा. मी त्याच्याशी बोललोय, जबरदस्ती नाही केली, उलट त्याची द्राक्षं आता काढणीला आलीत, दुपारी बागेत लवकर पोचता येईल म्हणून तोच खूश आहे. तुम्ही हो म्हणालात तर तो स्वतः येऊन सांगेल.

चारला बस नसते. मोटरसायकल चालवायची नाही असं घरच्यांनी शपथ घातलीय, आणि धुक्यात, त्यात अर्धवट झोपेत, मलाही धाडस होत नाही. चारला तासगाव लाइनची दुधाची गाडी निघते, तिच्या केबिनमध्ये बसून जायची परवानगी द्या. सिक्युरिटी गेटपासशिवाय सोडत नाही, एकदाच दोन आठवड्यांचा पास करून दिलात तर रोज विचारायला नको. साडेचारला घरी, आठ-साडेआठपर्यंत झोप आणि दुपारी परत तीन तास, एवढं मिळालं तर मी उभा राहीन.

साप्ताहिक सुट्टी माझी गुरुवारची आहे, ती मंगळवारच्या तपासणीसाठी बदलून पाहिजे. इथे मात्र एक घोळ होऊ शकतो म्हणून स्पष्ट लिहितो. नाइटवाल्याची सुट्टी शिफ्ट सुटल्यापासून पुढचे २४ तास धरतात, म्हणून बोर्डावर नुसतं "मंगळवार सुट्टी" लिहिलं तर टाइम ऑफिस मंगळवारी रात्रीची ड्युटी काढेल आणि मी सोमवारी रात्रभर जागून मंगळवारी डॉक्टरांसमोर बसेन. मला सोमवार रात्रीची ड्युटी सुटी पाहिजे. सोमवारी पहाटे चारला सुटलो की थेट मंगळवारी रात्री आठला हजर. कृपया "सोमवार रात्र" असंच लिहायला सांगा.

तिसरा चौथा आठवडा, म्हणजे २७ जानेवारी ते ६ फेब्रुवारी. दुसऱ्या आठवड्यानंतर तोंड येतं, लाळ घट्ट होते, चव जाते, खाणं पातळ होतं असं सांगितलंय. तेव्हा रात्रभर जागणं नको म्हणालेत. म्हणून हे दोन आठवडे मला बी शिफ्ट द्या पण दुपारी २ ऐवजी ३ ते ११, कारण मिरजेहून थेट प्लांटला यायला दोन-अडीच होतात. मंगळवारी जमणार नाही, त्या आठवड्यांत सुट्टी सरळ मंगळवारचीच ठेवा. बी शिफ्टचा विजय तेवढे दिवस नाइटला माझ्या मशीनवर येतो म्हणालाय, दोन ते तीन हा एक तास त्याच्या जागी हेल्पर आणि सुपरवायझर मिळून बघतील असं सुपरवायझर साहेब म्हणाले. बदल्यात एप्रिलमध्ये विजयच्या बहिणीचं लग्न आहे, तेव्हा त्याच्या चार ड्युट्या मी करणार. हे आम्ही आपापसात ठरवलंय पण तुमच्या सहीशिवाय काही नाही.

त्या दोन आठवड्यांत क्रेट उचलायचं आणि कोल्ड रूमचं काम नको, खांद्यात अजून जोर नाही, मानेचं ऑपरेशन झाल्यापासून डावा हात वर जात नाही. लीकेज चेक, वजनाचं रजिस्टर, क्रेटचा हिशोब, कोडिंग हे सगळं करीन. बसून रिकामा पगार घेणार नाही.

९ फेब्रुवारीपासून मात्र पूर्ण रजा लागेल. पाचवा सहावा आठवडा सगळ्यात वाईट जातो, नळी घालायची वेळही येते काहींना, माझ्यावर येऊ नये असं वाटतं पण आधीच धरून चालतो. ९ ते २४ फेब्रुवारी ईएसआयसीच्या दाखल्यावर, त्यातले पहिले दोन दिवस बसले नाहीत तर बिनपगारी धरा, माझी तक्रार नाही. २५ फेब्रुवारी ते ८ मार्च हक्काच्या रजेत, बारा दिवस, त्यातले दोन गुरुवार सुट्टीचे म्हणजे दहा रजा. माझ्या खात्यावर १४ शिल्लक आहेत असं टाइम ऑफिसने सांगितलं, चार राहतील. संपल्यावरही तोंड बरं व्हायला दोन-तीन आठवडे जातात म्हणून ते बारा दिवस धरलेत. ९ मार्चला डॉक्टरांचं फिट सर्टिफिकेट घेऊन नेहमीच्या नाइटला येतो.

त्या महिन्याभरात २ नंबर कुणी चालवायचं हा तुमचा पहिला प्रश्न असणार. आमचा हेल्पर, बारका, हुशार पोरगा आहे. पहिल्या दोन आठवड्यांत रोज आठ ते दहा मी त्याला हाताखाली घेतो, जॉचं तापमान, फिल्म सरकली की कशी ओढायची, लीक आलं की आधी काय बघायचं, सगळं त्याच्याकडून करून घेतो. तिसऱ्या आठवड्यात विजयबरोबर नाइटला तोच राहील. ९ फेब्रुवारीपर्यंत तयार होईल याची मला खात्री आहे, तरी रात्री काही अडलं तर फोन चालू ठेवतो, बोलता नाही आलं तर मेसेज करीन, व्हिडिओ पाठवला तर बघून सांगीन.

अजून दोन बारीक गोष्टी. या सहा आठवड्यांत बुधवारची अकराची मीटिंग आणि दिवसाचं ट्रेनिंग मला माफ करा, मीटिंगचं जे काही ठरेल ते सुपरवायझर सांगतील. आणि सकाळी डॉकवर माणूस कमी पडलं की नाइटवाल्याला दहापर्यंत थांबवतात, तसं मला थांबवू नये एवढं ए शिफ्टला सांगून ठेवा. आजवर कधी नाही म्हटलं नाही सर, आता म्हणावं लागतंय.

बोर्डावर कारण लिहू नका ही विनंती. लाइनवरच्या पोरांना मी स्वतः सांगितलंय, मावा नोव्हेंबरात सोडला तेही सांगितलंय आणि त्यातल्या तिघांनी पुड्या माझ्यासमोर टाकल्यात. पण बाकीच्या डिपार्टमेंटमधून घरी चौकशीचे फोन जातात, आईला अजून कॅन्सर हा शब्द सांगितलेला नाही, तिला फोड आहे एवढंच माहितीय.

डॉक्टरांचं पत्र, तीस तारखांचं कार्ड आणि ईएसआयसीच्या रेफरलची झेरॉक्स सोबत जोडलीय. रविवारपर्यंत मान्यता कळवलीत तर सोमवारी पहाटेपासूनच दादाला बोलावता येईल आणि गाडीवाल्याला सांगून ठेवता येईल. यातलं काही बदलायचं असेल तर बदला, तासांचं आणि शिफ्टचं तुम्ही म्हणाल तसं, फक्त सकाळी साडेनऊ ते दुपारी दीड सोमवार ते शुक्रवार मोकळा राहू द्या. मी आज रात्री ड्युटीवर आहेच, साडेनऊला येतो, तुम्ही थांबला असाल तर केबिनमध्ये येऊन भेटतो.

आपला,
सुनील
पाऊच पॅकिंग, नाइट शिफ्ट