२४ जुलै २०२४ रोजी काढलेल्या ७,५०,००० रुपयांच्या रोख रकमेबाबत खुलासा

दिनांक : १९ जून २०२५

प्रति,
वैधानिक लेखापरीक्षक

विषय : आर्थिक वर्ष २०२४-२५, चालू खात्यातून धनादेश क्र. ००४३१७ ने काढलेली रोख रक्कम
संदर्भ : आपले १२ जून २०२५ चे पत्र

महोदय,

बँकेच्या उताऱ्यात ७,५०,००० रुपये 'सेल्फ' म्हणून निघालेले दिसतात, कंपनीच्या वह्यांत ते उचंत खात्यात, म्हणजे सस्पेन्सला, पडलेले दिसतात, आणि रोख पुस्तकात त्यांचा मागमूसही नाही. ही रक्कम कुणी, कशासाठी आणि कुणाच्या परवानगीने काढली, असे आपण विचारले आहे. तिन्हींची उत्तरे खाली देते. ७,११,८५० रुपयांचा हिशेब कागदासह देता येतो. उरलेल्या ३८,१५० रुपयांचा पुरेसा कागद माझ्याकडे नाही. हे शेवटच्या ओळीत दडवण्यापेक्षा आधीच सांगितलेले बरे.

२३ जुलैच्या रात्री अतिवृष्टीने कारखान्याच्या मागच्या गोदामात कमरेएवढे पाणी शिरले. तयार माल खालच्या दोन फळ्यांवर होता. पाणी उपसणे, माल उचलून भाड्याच्या शेडमध्ये हलवणे आणि चिखल काढणे ही कामे थांबवण्यासारखी नव्हती. २४ तारखेला सकाळी कारखाना व्यवस्थापकांनी अंदाज लिहून पाठवला : ८० मजूर, ७ दिवस, रोजी ७०० रुपये म्हणजे ३,९२,००० रुपये, वाहतुकीला १,५०,०००, पंप आणि डिझेलला १,००,०००, सामान व किरकोळ १,०८,०००. बेरीज बरोबर साडेसात लाख होते. दोन्ही संचालकांनी ई-मेलवर मंजुरी दिली आणि धनादेशावर दोघांच्या सह्या आहेत. ई-मेल आणि अंदाजपत्रक परिशिष्ट १ मध्ये जोडले आहे.

एवढी रक्कम एकदम का काढली, हा प्रश्न मलाही पडला होता. मजूर नाक्यावरून आणलेले होते, त्यांची रोजी संध्याकाळी हातात द्यावी लागत होती. शिवाय २७ जुलै हा महिन्याचा चौथा शनिवार आणि २८ ला रविवार, म्हणजे ऐन कामाच्या दोन दिवसांत बँक बंद. रोकड कारखान्याच्या तिजोरीत ठेवली होती. एक किल्ली व्यवस्थापकांकडे, दुसरी पर्यवेक्षकांकडे. रोज किती काढली याची नोंद तिजोरीच्या वहीत आहे.

आता चूक कुठे झाली ते सांगते. मी २२ जुलै ते २ ऑगस्ट रजेवर होते. बँकेतून काढलेल्या रोकडीची कॉन्ट्रा नोंद करून ती रोख पुस्तकात आणायला हवी होती. माझ्या सहायकाला खर्चाचे शीर्ष ठाऊक नव्हते, म्हणून त्याने बँक जमा आणि सस्पेन्स नावे अशी नोंद करून ठेवली, 'मॅडम आल्यावर बघू' म्हणून. मी आल्यावर बघितले नाही. दर महिन्याच्या बँक जुळवणीत ही रक्कम जुळत होती, कारण बँकेच्या बाजूने काहीच चुकलेले नव्हते. सस्पेन्स खात्याची शिल्लक दर महिन्याला तपासणे हे माझे काम आहे आणि ऑगस्टपासून ते झाले नाही. ही चूक सहायकाची नाही, माझी आहे.

दुसरी चूक आपल्या पत्रात नाही. ती मला या शोधात सापडली. उरलेले १,६२,००० रुपये १ ऑगस्ट २०२४ रोजी बँकेत परत भरले होते. उताऱ्यात फक्त 'रोख भरणा' असे आल्याने ते किरकोळ उत्पन्नात जमा झाले. म्हणजे कंपनीचाच पैसा कंपनीचे उत्पन्न म्हणून दाखवला गेला. भरणा पावतीची स्थळप्रत परिशिष्ट २ मध्ये आहे. मागच्या बाजूला नोटांचा तपशील आणि पर्यवेक्षकांची सही आहे.

गोदामासाठी छापील क्रमांकांचे वेगळे व्हाउचर बुक वापरले गेले, क्र. ४०१ ते ४२७. क्र. ४१८ रद्द आहे, त्याच्या दोन्ही प्रती बुकातच आहेत. बाकी २६ व्हाउचर तारखेच्या क्रमाने आहेत. त्यांची खर्चाच्या शीर्षानुसार बेरीज आणि बँकेत परत भरलेली रक्कम अशी :

मजुरी : ३,२४,१०० रुपये
मालवाहतूक : ८९,६०० रुपये
पंप व जनरेटर भाडे : ५८,००० रुपये
डिझेल : २४,२०० रुपये
ताडपत्री, गमबूट, हातमोजे, ब्लीचिंग पावडर इत्यादी : ४१,३५० रुपये
दोन जखमी मजुरांचे उपचार : १२,६०० रुपये
बँकेत परत भरणा : १,६२,००० रुपये
एकूण : ७,११,८५० रुपये

मजुरीची सहा व्हाउचर, दिवसाला एक, आणि प्रत्येकामागे हजेरीपट. २५ ते ३० जुलै या सहा दिवसांची हजेरी अनुक्रमे ६४, ६४, ६३, ६१, ६० आणि ५९, म्हणजे ३७१ रोज. ७०० प्रमाणे २,५९,७०० रुपये. पहिल्या दोन रात्री २३-२३ माणसे दुप्पट दराने थांबली, त्याचे ६४,४०० रुपये. १९ जणांचे अंगठे आहेत, बाकीच्यांच्या सह्या. २७ तारखेच्या पटावर दोन नावांपुढची सही एकाच हातची आहे, हे पान उलटताना डोळ्याला लगेच खटकते. चौकशी केली. दोघे सख्खे भाऊ आहेत. धाकटा ताप आल्याने दुपारनंतर पडून होता आणि थोरल्याने त्याची रोजी घेतली. धाकट्याचा लेखी जबाब ओळखपत्राच्या प्रतीसह जोडला आहे. जबाब आताचा आहे, त्यावर तारीखही आताचीच आहे.

वाहतुकीच्या १४ फेऱ्या, दर फेरी ६,४०० रुपये. दोन दिवस पाच-पाच आणि एक दिवस चार, म्हणून ३२,०००, ३२,००० आणि २५,६००. मालवाहतूकदाराला एका दिवसात रोखीने देण्याची मर्यादा ३५,००० रुपये आहे. आकडे त्या मर्यादेच्या इतके जवळ पाहून रक्कम मुद्दाम तोडली असावी, अशी शंका कुणालाही येईल. म्हणून प्रत्येक फेरीची बिल्टी आणि गेटवरच्या आवक-जावक नोंदवहीची पाने सोबत दिली आहेत. गाडी क्रमांक आणि वेळा दोन्हीकडे सारख्याच आहेत. वाहतूकदाराकडे दहापेक्षा जास्त गाड्या नसल्याचे घोषणापत्र पॅनसह घेतलेले आहे, त्यामुळे कलम १९४सी खाली करकपात केली नाही.

पंपाच्या भाड्याबाबत मी बचाव करत नाही. व्हाउचर क्र. ४१९, २८ जुलै, ५८,००० रुपये, एकाच व्यक्तीला एकाच दिवशी रोख. पावतीवर एक रुपयाचे रेव्हेन्यू स्टॅम्प आणि सही आहे, खर्च खरा आहे. तो दिवस रविवार होता आणि नियम ६डीडीमध्ये बँक बंद असलेल्या दिवसासाठी सूट आहे, हेही मला माहीत आहे. पण ती सूट त्या दिवशीच पैसे द्यावे लागले तर आहे. पंपवाल्याने सोमवारपर्यंत थांबायला नकार दिला, याचा कागद माझ्याकडे नाही. तेव्हा कलम ४०ए(३) खाली ही रक्कम नामंजूर धरून करगणनेत नफ्यात पुन्हा जोडावी आणि नमुना ३सीडीच्या कलम २१(डी) मध्ये दाखवावी, असे माझे मत आहे.

सामानाच्या अकरा बिलांपैकी व्हाउचर क्र. ४०४ पावसात भिजले आहे. शाई पसरून आकडा निळ्या डागात गेला आहे, पण खाली अक्षरी 'आठ हजार नऊशे फक्त' स्पष्ट वाचता येते आणि सोबतचे बिल कोरडे आहे. डिझेलच्या तीन पावत्या आणि दवाखान्याच्या दोन पावत्यांत सांगण्यासारखे काही नाही.

ही व्हाउचर आपल्या पत्रानंतर तयार केलेली नाहीत, याचा एक स्वतंत्र पुरावा आहे. विम्याच्या दाव्यासाठी व्यवस्थापकांनी या सव्वीसही व्हाउचरच्या स्कॅन प्रती १२ ऑगस्ट २०२४ रोजी सर्व्हेअरला ई-मेलने पाठवल्या होत्या. भिजलेले ४०४ त्यातही तसेच भिजलेले आहे. ई-मेल परिशिष्ट ७ मध्ये आहे. आपण सर्व्हेअरकडून थेट प्रती मागवून ताडून पाहाव्यात, अशी माझी विनंती आहे. मूळ बुक दाव्याच्या फाइलमध्ये पडून राहिले, लेखा विभागात आलेच नाही.

राहिले ३८,१५० रुपये. पर्यवेक्षकांच्या खिशातल्या वहीत मजुरांच्या जेवणाची नोंद आहे : ३५० ताटे, ८५ प्रमाणे २९,७५० रुपये. तारखा आहेत, ताटांचा रोजचा आकडा आहे, पण बिल नाही आणि घेणाऱ्याची सही नाही. मागच्या आठवड्यात चौकशी केली तेव्हा जेवण पुरवणारा म्हणाला, 'मॅडम, सांगा तेवढ्याचं बिल फाडून देतो, जुनी तारीख टाकून.' मी नको म्हटले. असे एक बिल या फाइलमध्ये शिरले असते, तर बाकीच्या सव्वीस खऱ्या व्हाउचरवर आपण विश्वास तरी का ठेवावा? वहीची ती चार पाने जशी आहेत तशी जोडली आहेत. खर्च झाला असे मला वाटते, कारण हजेरीशी ताटांचा आकडा बऱ्यापैकी जुळतो. पण करासाठी तो नामंजूर धरावा.

उरलेले ८,४०० रुपये कशासाठी गेले, याची कुठेच नोंद नाही. तिजोरीच्या वहीत २९ तारखेला ही रक्कम 'किरकोळ' म्हणून बाहेर गेली आहे. व्यवस्थापकांना आणि पर्यवेक्षकांना मी वेगवेगळे विचारले. दोघांनाही आठवत नाही. कुणावर आरोप करण्याइतका आधार माझ्याकडे नाही आणि ती खर्चात ढकलण्याचाही अधिकार नाही. संचालकांचा लेखी निर्णय होईपर्यंत ती 'गोदाम आगाऊ रक्कम, वसुलीयोग्य' म्हणून दाखवावी असे सुचवते.

३१ मार्च २०२५ च्या तारखेने दुरुस्तीची नोंद सुचवली आहे : वरील सहा शीर्षे मिळून ५,४९,८५०, मजूर भोजन खर्च २९,७५०, वसुलीयोग्य आगाऊ ८,४०० आणि किरकोळ उत्पन्न १,६२,००० नावे, सस्पेन्स ७,५०,००० जमा. यामुळे करपूर्व नफा ७,४१,६०० रुपयांनी कमी होतो आणि करगणनेत ८७,७५० रुपये नफ्यात पुन्हा जोडावे लागतात. जुन्या नोंदींना हात लावलेला नाही. सॉफ्टवेअरच्या एडिट लॉगमध्ये आपल्याला ते पाहता येईल. आपली संमती आल्याशिवाय दुरुस्तीची नोंदही करणार नाही.

मूळ व्हाउचर बुक, हजेरीपट, तिजोरीची वही आणि गेटची नोंदवही माझ्या टेबलाच्या कपाटात कुलपात ठेवली आहे. पर्यवेक्षक सोमवार ते शुक्रवार सकाळच्या पाळीत असतात. आपल्याला त्यांच्याशी बोलायचे असेल, तर मी त्या वेळी खोलीत थांबणार नाही.

आपली विश्वासू,
मुख्य लेखापाल

सोबत : परिशिष्ट १ ते ९
१. संचालकांची मंजुरी व अंदाजपत्रक
२. १ ऑगस्टच्या भरणा पावतीची स्थळप्रत
३. व्हाउचर क्र. ४०१ ते ४२७ व त्यांची बिले
४. हजेरीपट व एक जबाब
५. बिल्ट्या, गेट नोंदवहीची पाने, वाहतूकदाराचे घोषणापत्र
६. तिजोरीच्या वहीची प्रत
७. सर्व्हेअरला पाठवलेला ई-मेल
८. पर्यवेक्षकांच्या वहीची चार पाने
९. प्रस्तावित दुरुस्ती नोंद