इयत्ता आठवी 'ब'ची अभिरूप निवडणूक : पालकांना पत्र

दादर, मुंबई
दि. ६ जुलै २०२६

आदरणीय पालक,
सप्रेम नमस्कार.

शुक्रवार, १७ जुलै रोजी आपल्या वर्गात अभिरूप निवडणूक होणार आहे. आचारसंहिता, मतदारयादी, गुप्त मतदान हे सगळं मुलं नागरिकशास्त्राच्या पेपरपुरतं पाठ करतात. १९८९ पासून आपल्याकडे मतदानाचं वय १८ आहे, म्हणजे चार-पाच वर्षांत हीच मुलं खरी मतदार होतील. त्याआधी यादीत आपलं नाव शोधणं आणि पडद्याआड एकट्याने निर्णय घेणं त्यांनी अनुभवावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

निवडून येणारा वर्गप्रतिनिधी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत दर महिन्याची वर्गसभा चालवेल. उभं राहायचं असेल त्याने सूचक आणि अनुमोदकाच्या सहीसह शुक्रवारी, १० तारखेला अर्ज द्यावा. सोमवारी दुपारपर्यंत तो मागे घेता येईल. चिन्हं मी देईन : डबा, फूटपट्टी, घंटा अशी. कुठल्याही पक्षाचं नाव, चिन्ह, झेंडा किंवा नेत्याचा फोटो चालणार नाही. जात, धर्म, भाषा, कुणाचं दिसणं किंवा मार्क यांवर एक शब्दही चालणार नाही. तसं झालं तर उमेदवारी रद्द होईल, यात मी सूट देणार नाही.

प्रचार मंगळवार-बुधवार, तोही मधल्या सुट्टीत. पोस्टर हाताने काढलेलं, जुन्या वहीच्या कागदावर. कृपया बॅनर छापून देऊ नका. चॉकलेट, पेन, वडापाव वाटणं म्हणजे आमिषच. गुरुवारी प्रचार पूर्ण बंद. खऱ्या निवडणुकीतही मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर प्रचाराला बंदी असते.

मतदान कागदी मतपत्रिकेवर, पुठ्ठ्याच्या आडोशामागे होईल. मतदान केंद्राध्यक्ष, मतदान अधिकारी मुलंच असतील. आधी रिकामी पेटी उमेदवारांच्या प्रतिनिधींना उलटी करून दाखवायची, मग त्यांच्यासमोर सील करायची. डाव्या तर्जनीवर स्केचपेनची खूण होईल, ती धुतली की जाते. मतपत्रिकेवर शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्यायही आहे. समान मतं पडली तर चिठ्ठी टाकू. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत एका प्रभागाचा निकाल असाच लागला होता.

आता सगळ्यात महत्त्वाची विनंती. "तू कुणाला मत दिलंस?" असं घरी विचारू नका. मैत्रिणीला मत न देता दुसऱ्या कुणाला द्यावंसं एखादीला वाटलं, तर ते तिला निर्धास्तपणे करता आलं पाहिजे. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही कुणासाठी मतं मागू नका. भाषण मुलाला स्वतः लिहू द्या. अडखळलं तरी चालेल.

मोजणी त्याच दिवशी शेवटच्या तासाला सगळ्यांसमोर होईल. हरलेल्या उमेदवारांची मतं फळ्यावर लिहू, कारण तीही कुणीतरी विचार करून दिलेली असतात. पण निकालाचे फोटो ग्रुपवर टाकू नयेत. तुमचं मूल हरलं, तर त्या संध्याकाळी त्याचं ऐकून घ्या. कुणी मत दिलं नाही याचा शोध घेऊ नका.

त्या दिवशी मुलांनी ओळखपत्र आणावं. त्याशिवाय मतपत्रिका मिळणार नाही. काही शंका असल्यास शनिवारी सकाळी १० ते ११ मी शिक्षक खोलीत आहे.

आपली,
वर्गशिक्षिका, इयत्ता आठवी 'ब'